सुसरबाईने उत्तर द्यायला नको होतं

‘सुसरबाई, तुझी पाठ मऊ’ असं आपण म्हणतो ते नाइलाजाने कोणाची तरी खुशामत करावी लागते तेव्हा. सुसरीची पाठ किती खरबरीत असते हे म्हणणाऱ्याला पुरतं ठाऊक असतं. पण आपण पाण्यात आहोत आणि तिचा जबडा वीतभर अंतरावर आहे, तेव्हा पाठ मऊच म्हणायची. लोककथेतल्या लबाड प्राण्याचं सगळं भांडवल या एवढ्याशा प्रसंगात दिसतं. अंगात बळ नाही, पळायला वाट नाही, चालते ती फक्त जीभ. ही माणसं, म्हणजे हे प्राणी, बोलून सुटतात. म्हणून त्यांच्या गोष्टी मनातल्या मनात वाचल्या तर निम्म्या वाया जातात. त्या मोठ्याने वाचायच्या असतात.

मोठ्याने वाचायला कोल्हा आणि सुसरीची गोष्ट घ्यावी. ती छापली जाण्यामागे आपल्याच मुलखातली एक कहाणी आहे. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर 1865-66च्या हिवाळ्यात दक्षिण महाराष्ट्राच्या दौऱ्यावर निघाले. बरोबर त्यांची मुलगी मेरी होती आणि तिची आया ॲना लिबराता डिसूझा. ॲना गोव्याकडच्या ख्रिस्ती कुटुंबातली. लहानपणी आजीकडून ऐकलेल्या गोष्टी ती मेरीला सांगायची. मेरी टिपणं घ्यायची, त्यावरून गोष्ट लिहून काढायची आणि ॲनाला पुन्हा वाचून दाखवायची, म्हणजे काही चुकलं असेल तर तिथेच कळावं. 1868 साली लंडनमध्ये ‘ओल्ड डेक्कन डेज’ या नावाने पुस्तक निघालं. आजीच्या तोंडून आयेच्या कानात, आयेच्या तोंडून मेरीच्या वहीत आणि वहीतून परत आयेच्या कानात असा फेरा झाल्यामुळे असेल, त्यातल्या गोष्टींची बोलण्याची लय छपाईतही मोडलेली नाही.

त्यातल्या कोल्ह्याला खेकडे फार आवडतात. हे नुसतं कथेपुरतं नाही. मुंबई आणि नवी मुंबईच्या खारफुटीत आजही सोनेरी कोल्हे राहतात आणि चिखलातले खेकडे धरून खातात. ॲनाच्या गोष्टीत युक्त्या याहून जास्त आहेत, पण मुलांपुढे वाचताना चार पुरतात. इथे ती माझ्या शब्दांत सांगतो.

नदीकाठी लव्हाळ्याचं दाट बन होतं. खेकड्याच्या वासाने कोल्होबा आले, आणि न बघताच पाय पाण्यात घातला. लव्हाळ्यात सुसरबाई दबा धरून होत्या. खट्! पाय जबड्यात. कोल्होबांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. ओढला तर पाय तुटेल, ओरडलं तर ती आणखी आवळेल. मग ते हसतच म्हणाले, “वा, सुसरबाई! लव्हाळ्याचं मूळ काय छान धरलंत! माझा पाय तर इकडे शेजारीच आहे. मूळ कोवळं तरी आहे ना?” गवतामुळे सुसरबाईंना काही दिसत नव्हतं. त्या चरफडल्या आणि मूळ समजून पाय सोडला. कोल्होबा टुणकन काठावर. “आभारी आहे हं बाई, सोडलात म्हणून!”

वाचणाऱ्याने इथे एक जपावं. लव्हाळं पहिल्याच वाक्यात यायला हवं, तेही ठसठशीत. ते विसरून पुढे गेलात आणि पाय सापडल्यावर ‘तिथे लव्हाळंही होतं बरं का’ असं म्हणालात, तर मुलं लगेच ओळखतात की सांगणाऱ्याने कोल्ह्याला मागच्या दाराने मदत केली. युक्तीला लागणारं सामान आधी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मांडून ठेवायचं. दुसरं म्हणजे ‘खट्’नंतर जरा थांबायचं. कोल्हा गप्प आहे तेवढा वेळ वाचणाऱ्यानेही गप्प राहावं. त्यानंतरचं बोलणं भेदरलेल्या आवाजात नको, शेजारणीशी गप्पा मारल्यासारखं हवं. कोल्हा घाबरला आहे हे ऐकणाऱ्यांना माहीत आहे आणि सुसरीला माहीत नाही, यातच सगळी गंमत आहे.

दुसऱ्या दिवशी कोल्होबा आले ते लांबच उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, “आज खेकडे दिसत नाहीत. एरवी असले की पाण्यातून कसे बुडबुडे येतात, बुड बुड बुड!” पाण्याखाली सुसरबाईंनी ऐकलं. आपणच खेकडा व्हावं, म्हणजे हा जवळ येईल. त्यांनी नाकातून जोर लावला आणि निम्मी नदी उकळायला लागली. “कळलं हो बाई, कुठे आहात ते. येतो मी!”

इथपासून गोष्ट मुलांच्या ताब्यात जाते. कोल्हा बुडबुड्यांचं बोलला की चार-पाच वर्षांची मुलं ओरडतात, “आता ती करणार!” त्यांना ओरडू द्यावं, आणि बुडबुडेही त्यांच्याकडूनच काढून घ्यावेत. कोल्ह्याचं वाक्य आणि सुसरीचं उत्तर यांच्यात जी क्षणभर जागा असते ती भरून वाचलीत, तर मुलांना शहाणं व्हायला वावच उरत नाही. भरभर वाचणं, आणि सुसरीला पहिल्यापासून बावळट आवाज देणं, या दोन गोष्टींनी बऱ्याचदा माती होते. सुसरबाईंचा आवाज भारदस्त हवा. त्या स्वतःला फार हुशार समजतात.

पाण्यात जमेना म्हणून सुसरबाई जमिनीवर आल्या. कोल्होबांच्या आवडत्या उंबराखाली पिकल्या फळांचा ढीग केला आणि आत शिरून बसल्या. कोल्होबांनी ढीग पाहिला. एवढा नीटनेटका ढीग वारा कधी रचत नाही. ते म्हणाले, “रसाळ उंबरं असतात ती वाऱ्याने इकडेतिकडे गडगडतात. ही हलत नाहीत, म्हणजे किडकी असणार.” ढीग लगेच गदगदा हलला, उंबरं चौफेर उडाली आणि मधून शेपूट दिसली. हा प्रसंग झटकन उरकावा. तिसऱ्यांदा तीच युक्ती लांबवली तर मुलं पुढच्या पानाकडे बघायला लागतात.

शेवटी सुसरबाई कोल्होबांच्या घरातच जाऊन बसल्या. संध्याकाळी कोल्होबा परतले तर दाराशी माती फरफटलेली, चौकट खिळखिळी. ते बाहेरच थांबले. “काय गं घरा, आज बोलत नाहीस? मी आलो की रोज म्हणतोस, ‘या कोल्होबा, सगळं ठीक आहे.’ आज काही झालंय का?” आतून, जमेल तेवढ्या गोड आवाजात उत्तर आलं, “या कोल्होबा, सगळं ठीक आहे!”

हे बोलणारं घर फार जुनं आहे. पंचतंत्राच्या तिसऱ्या तंत्रात, काकोलूकीयात, खरनखर नावाचा सिंह दधिपुच्छ नावाच्या कोल्ह्याच्या गुहेत लपून बसतो. कोल्ह्याला पावलांचे ठसे आत गेलेले दिसतात, बाहेर आलेले दिसत नाहीत. तोही गुहेला हाक मारतो. सिंह विचार करतो की गुहा रोज बोलत असणार, आज माझ्या धाकाने गप्प आहे. तेव्हा तिच्या वतीने आपणच बोलावं. आणि तो डरकाळी फोडतो. लोककथांचं वर्गीकरण करणाऱ्यांनी या प्रसंगाला स्वतंत्र क्रमांक दिला आहे, 66अ, आणि पाय सोडवण्याच्या युक्तीला 5. म्हणजे ॲनाच्या आजीच्या गोष्टीत दोन वेगळे जुने धागे एका सुसरीभोवती गुंफले गेले आहेत. पंचतंत्रातली गुहा मोठ्याने वाचायला जरा जड जाते, कारण ती दुसऱ्या गोष्टीच्या पोटात आहे आणि शेवटी श्लोक येतो. आजीकडे श्लोक नाही.

ॲनाचा कोल्हा शेवटी दाराशी लाकडं रचून आग लावतो आणि सुसर आत जळून मरते. निजायच्या वेळी लहान मुलापुढे हे वाचावं का? मी वाचत नाही. माझे कोल्होबा ते उत्तर ऐकून दुसरं घर शोधायला जातात. मात्र दोघांची मैत्री झाली असा शेवट कृपा करून करू नये. सुसर खेकड्यांवर आणि कोल्ह्यावर जगणारच, आणि हे मुलांना आपल्यापेक्षा लवकर पटतं.

राहिलं तात्पर्य. इसापनीतीने आपल्याला गोष्टीच्या शेपटाला तात्पर्य बांधायची सवय लावली आहे, आणि अशा गोष्टीखाली ‘शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ’ हे ठरलेलंच असतं. पण सुसरीजवळ युक्ती नव्हती असं कुठे आहे? दबा धरणं, ढिगात लपणं, घरात शिरणं हे बेत चांगलेच होते. नुसती गप्प राहिली असती तर चारपैकी एखाद्या वेळी कोल्हा तिच्या पोटात गेला असता. समोरच्याने म्हटलं की बुडबुडे काढले, म्हटलं की हलली, म्हटलं की बोलली. दुसरा म्हणतो तसं आपण आहोत हे दाखवायची तिला घाई झाली होती. खरनखराचंही तेच. पंचतंत्रातला निळीच्या पिंपात पडलेला चंडरव कोल्हा तर राजा झालेला होता. दुरून कोल्हेकुई ऐकू आली आणि त्याला उत्तर दिल्यावाचून राहवलं नाही. वाघसिंहांनी त्याला तिथेच फाडला.

चंडरवही लबाडच होता, मग त्याला शिक्षा आणि आपल्या कोल्होबांना सुटका का? हा प्रश्न आठ-नऊ वर्षांचं मूल हमखास विचारतं आणि तो टाळू नये. चंडरवाने राज्य मिळवण्यासाठी फसवलं. कोल्होबांनी सुसरीचं काही घेतलं नाही. खोटं बोलले ते पाय आणि जीव वाचवण्यापुरतं. लोककथा या दोघांत फरक करते, आणि तो कुठेही सांगून दाखवत नाही.

तेव्हा ही गोष्ट वाचून झाली की मुलांना ‘यावरून काय शिकलात?’ असं विचारू नका. सुसरबाईने घरात बसून काय करायला हवं होतं, तेवढं विचारा, आणि उत्तर येईपर्यंत तुम्हीही काही बोलू नका.