पहिले तीन सेकंद सासूबाईंचे

समजा, नवरा चाकणला एका कारखान्यात शिफ्टमध्ये कामाला आहे आणि चौघांनी मिळून घेतलेल्या खोलीत राहतो. बायको इचलकरंजीला सासरी. घरात सासू-सासरे, धाकटा दीर, शिवाय सुट्टीला आलेला नणंदेचा मुलगा. कार्टून बघायला त्याला मामीचाच फोन लागतो. लग्नाला अजून वर्ष झालेलं नाही. दुसरी शिफ्ट सुटली की हा चालता चालता व्हॉइस नोट पाठवतो. तोवर ती झोपलेली असते. सकाळी कुकर लावून झाला की ओट्यापाशी उभ्या उभ्या ती फोन उघडते, बाणावर बोट ठेवते, आणि स्वयंपाकघरभर आवाज घुमतो, "जानू, तुझ्याशिवाय झोपच येत नाही गं…" मागे सासूबाई कोथिंबीर निवडत बसलेल्या.

यात तिची चूक काही नाही. व्हॉट्सअॅपवरची व्हॉइस नोट मुळात स्पीकरवरच वाजते. फोन कानाला लावला की वरच्या बाजूचा सेन्सर ते ओळखतो आणि आवाज कानाशी वळवतो. पण आधी बोट लावायचं आणि मग फोन उचलायचा, त्या मधल्या वेळात दोन-तीन सेकंद निघून जातात, तेवढे सगळ्यांच्या कानावर पडतातच. दुसरी अडचण पटकन लक्षात येत नाही. लागोपाठ आलेल्या व्हॉइस नोट एक संपली की दुसरी अशा आपोआप वाजत जातात. पहिली "पोचलो" एवढीच असते म्हणून ती निर्धास्तपणे ऐकते, फोन ओट्यावर ठेवते, आणि पाठोपाठ नको ती सुरू होते. तिसरी गंमत ब्लूटूथची. गणपतीत आरत्या लावायला तिचा फोन दिराच्या स्पीकरला जोडलेला असतो. नंतर कधी दिराने स्पीकर चालू केला आणि फोन आपणहून जोडला गेला, तर नवऱ्याचा आवाज थेट माजघरातून येतो.

म्हणून पाठवणाऱ्याने एक गोष्ट धरूनच चालावं: पहिले तीन सेकंद आपले नाहीत, घरच्यांचे आहेत. तिथे कुणीही ऐकलं तरी चालेल असं वाक्य हवं, आणि जे बोलायचं ते सगळं एकाच नोटेत हवं, तुकड्यातुकड्यांत नको. आधी "ऐकायला मोकळी आहेस का?" एवढा मजकूर टाइप करून पाठवला तर फारच उत्तम. मजकूर डोळ्यांनी वाचता येतो, त्याला आवाज नसतो.

पण मग उरतं काय, असं कुणी म्हणेल. जेवलीस का, औषध घेतलंस का, एवढंच बोलायचं तर व्हॉइस नोट तरी कशाला? खरी मेख इथे आहे. आपल्याकडे पुष्कळांना वाटतं की प्रेमाचं बोलणं म्हणजे सिनेमातली विशेषणं. ती उघड्यावर पडली की पंचाईत होते, आणि चार भिंतींतही तशी पोकळच असतात, कारण ती कुणीही कुणालाही म्हणू शकतं. त्यापेक्षा त्याच नवऱ्याने असं म्हटलं तर:

"हं, पोचलो बरं का. मेसमध्ये आज पिठलं होतं. गुठळ्याच गुठळ्या. तेव्हा आठवलं, आपल्याकडे पिठल्यात गुठळी राहिली की तू ती स्वतःच्या ताटात घेतेस आणि मला नीट घोटलेलं वाढतेस. मला ते दिसतं. कधी बोललो नाही, एवढंच. शनिवारी रात्रीच्या गाडीने निघतोय. रंकाळ्याचं राहिलंय, ते या खेपेला पुरं करू."

सुरुवातीचे सेकंद पोचल्याच्या निरोपात आणि मेसच्या तक्रारीत गेले, तेवढ्यात तिला फोन कानाला लावता येतो. पुढचं सासूबाईंनी ऐकलं, तरी सुनेला मान खाली घालावी लागेल असं त्यात काही नाही. फार तर त्या जरा गालात हसतील. तिला मात्र कळतं की हा माणूस आपल्या ताटाकडे बघत होता. आणि रंकाळा? लग्नानंतर दोघं कोल्हापूरला रंकाळ्यावर गेले होते. तिथे काय बोलणं झालं ते दोघांनाच ठाऊक. घरच्यांसाठी तो फिरायला जायचा बेत. असे खुणेचे शब्द आधी बसून ठरवता येत नाहीत, ते सोबतीतून आपसूक तयार होतात. फक्त ते वापरायचं सुचायला हवं.

एक गोष्ट मला नेहमी मजेची वाटते. याच घरात हळदीकुंकवाला चार बायका सुनेला नवऱ्याचं नाव उखाण्यात घ्यायला लावतात, आणि सासूबाई त्यात सगळ्यांच्या पुढे असतात. म्हणजे घराला नवरा-बायकोच्या प्रेमाचं वावडं नसतं. ते अवचित, सकाळच्या घाईत, स्पीकरवर आलं की सगळे अवघडतात.

जे खरोखर दोघांपुरतंच आहे, त्यासाठी डिसेंबर 2023 पासून व्हॉट्सअॅपवर एकदाच ऐकता येणारी व्हॉइस नोट पाठवता येते. रेकॉर्ड करताना माइक वर सरकवून कुलूप लावायचं, मग 1 आकड्याच्या खुणेवर बोट ठेवायचं आणि पाठवायचं. ती पुढे कुणाला पाठवता येत नाही, आणि 14 दिवसांत उघडली नाही तर नाहीशी होते. पण दुसरा फोन शेजारी धरून ती टिपता येतेच, आणि आवाज तिचाही स्पीकरवरच येतो. दुसरं म्हणजे, ऐकून झाली तरी चॅटमध्ये तिची खूण उरते. चुकीची नोट सर्वांसाठी पुसण्याची सोय साधारण अडीच दिवस असते, तिथेही संदेश पुसल्याची ओळ मागे राहते. फोन हातोहात फिरणाऱ्या घरात अशा चार ओळी दिसल्या की कुतूहल उलट वाढतं. चॅटला कुलूप लावण्याचंही तसंच. फोन आधीपासून कुलूपबंद असेल तर कुणाला काही वाटत नाही. कालपर्यंत भाच्याच्या हातात असलेल्या फोनला आज अचानक बंदोबस्त दिसला की चौकशी सुरू होते. म्हणून ही साधनं क्वचित वापरावीत, रोजच्या बोलण्यावर नाहीत. आणि घरात कुणी तिचा फोन मुद्दाम तपासत असेल, तर तो प्रश्न शब्द निवडून सुटणारा नाही. त्यावर नवऱ्याने घरच्यांशी स्वतः बोलायला हवं.

बोलण्याच्या पद्धतीबद्दलही थोडं. खोलीतले मित्र झोपलेत म्हणून बरेच जण कुजबुजून रेकॉर्ड करतात. ते नीट ऐकू येत नाही, म्हणून ती आवाज वाढवते, आणि तुम्ही शेवटी जरा मोकळं बोललात की तेच वाक्य घरभर जातं. त्यापेक्षा माइक तोंडापासून वीतभर धरून साध्या, खालच्या पट्टीत, एका सुरात बोलावं. पाठवण्याआधी स्वतः एकदा ऐकून बघता येतं. तेव्हा मागे मित्रांची थट्टा ऐकू आली तर पुन्हा रेकॉर्ड करावं, कारण तिच्या मते ही गोष्ट दोघांतली असते.

उत्तराची घाई मात्र करू नये. नोट ऐकली गेली की पाठवणाऱ्याच्या पडद्यावर माइकची करडी खूण निळी होते. ती दिसताच "बोल ना काहीतरी" म्हणून मागे लागणारे नवरे पुष्कळ. पण तुम्हाला रस्ता मोकळा असतो, तिला घर. तिला बोलायला गच्चीवर कपडे वाळत घालायची किंवा दळण आणायला जायची वेळ लागते. तोवर तिने "शनिवारी पिठलंच करते" एवढंच टाइप करून पाठवलं, तर ते उत्तर पुरेसं आहे.