वाढत्या अंगाचा गणवेश : जागा मापात नको, मायेत ठेवा

जूनच्या पहिल्या आठवड्यात शहागंज, सिटी चौक किंवा गुलमंडीच्या कापड दुकानांत उभे राहिले की एक वाक्य हमखास कानावर पडते, "दोन नंबर मोठाच द्या, वर्षभर चालला पाहिजे." दुकानदार मोठा नंबर काढून देतो. मूल त्यात शिरते आणि हात बाहीत गडप होतात. अम्मी म्हणते, "दिवाळीपर्यंत बरोबर बसेल." दिवाळीला पाहावे तर लांबी बरोबर झालेली असते, पण खांदा अजून उतरलेलाच असतो आणि बगलेखाली शिवण उसवलेली असते. मी घरी शिलाई करते. असे गणवेश दुरुस्तीला दरवर्षी माझ्याकडे येतात, म्हणून हा अनुभव लिहीत आहे.

मुलाचे अंग सगळीकडून सारखे वाढत नाही, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. पाच ते दहा वर्षांचे मूल साधारणपणे वर्षाला 5 ते 6 सेंटीमीटर उंच होते. त्यातली निम्मी किंवा त्याहून जास्त वाढ पायांत होते. हात वर्षभरात जेमतेम इंचभर लांबतात, छाती इंचभर भरते आणि दोन्ही खांदे मिळून अर्ध्या इंचाच्या आसपास रुंद होतात. रेडिमेडमध्ये दोन नंबर मोठा कपडा घेतला की लांबीबरोबर खांदा, गळा, मुंढा सगळेच मोठे होते. ज्या खांद्याला अर्धा इंच पुरे, तिथे आपण दीड-दोन इंच देऊन बसतो. खांदा दंडावर उतरला की मुंढाही खाली येतो, आणि मुलाने हात वर केला की अख्खा कपडा वर ओढला जातो. बाकावरून दप्तर उचलताना शिवणीवर रोज ताण पडतो. कपडा मोठा असूनही बगलेत फाटतो, तो यामुळे.

तेव्हा खांद्याला आजचे माप अधिक अर्धा इंच, एवढेच द्यावे. बाकीची वाढ कपड्याच्या आत, शिवणीच्या मायेत आणि खालच्या दुमडीत ठेवावी. मूल वाढेल तशी ती सोडत जाता येते.

गेल्या काही वर्षांतले एक उदाहरण सांगते. शेजारच्या एका बहिणीची मुलगी सहावीत गेली होती. शाळेचा गणवेश सलवार-कमीज आणि ओढणी. अम्मीने दुकानातून 36 छातीची तयार कमीज आणली होती. मुलीला 32 ची पुरत होती. मी विचारले, "हिची उंची कुठे लिहून ठेवली आहे का?" त्यांच्या घरात दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा होत्या. मागच्या जूनमध्ये 132, जानेवारीत 134 आणि आता 138 सेंटीमीटर. म्हणजे पहिल्या सहामाहीत दोन आणि दुसऱ्या सहामाहीत चार. ही खूण महत्त्वाची होती. मुलींची झपाट्याची वाढ साधारण दहा-अकराव्या वर्षी सुरू होते, मुलांची त्यानंतर दोनेक वर्षांनी. त्या काळात मुलगी वर्षाला सात-आठ सेंटीमीटर वाढू शकते आणि आधी पाय लांबतात. पुढच्या वर्षासाठी मी तीन इंच उंची धरली. चौकटीवर खुणा नसत्या, तर मागच्या वर्षीच्या सलवारीवरूनही अंदाज आला असता. ती जूनमध्ये टाचेपर्यंत होती आणि आता किती वर गेली आहे, ते मोजायचे.

36 ची कमीज परत केली आणि शाळेच्या रंगाचे कापड घेतले. नेहमीपेक्षा पाव मीटर जास्त घेतले. वाढीचा खर्च तेवढाच.

मुलीचा खांदा साडेबारा इंच होता, तो 13 धरला. छाती तयार 32. एरवी बाजूच्या शिवणीत अर्धा इंच माया सोडतात, मी सव्वा इंच सोडली. दोन बाजू आणि प्रत्येक बाजूला पुढचा-मागचा असे दोन पल्ले, म्हणजे चार ठिकाणी माया आली. पुढे प्रत्येक ठिकाणी अर्धा इंच सोडला की छाती दोन इंचांनी वाढते आणि तरी पाऊण इंच माया शिल्लक राहते.

इथे एक चूक वारंवार होते. कमीजच्या बाजूला माया ठेवतात, पण बाहीच्या शिवणीत ठेवत नाहीत. कमीज सोडली की मुंढ्याचा घेर एक इंचाने वाढतो आणि बाही मात्र तेवढीच राहते. मग ती बसत नाही, आणि बगलेत तुकडा जोडावा लागतो. म्हणून शिंपीदादाला सांगताना "बाजूला माया ठेवा" एवढ्यावर थांबू नका. "बाहीलाही तेवढीच ठेवा, आणि बगलेत कात्रीचे कट खोल देऊ नका," असेही सांगा. गोलाईत शिवण ताणू नये म्हणून कट देतात, ते बरोबरच आहे. पण कट शिवणीपर्यंत गेला, तर ती माया पुढे सोडता येत नाही. सोडली तर भोक बाहेर येते.

कमीजची उंची गुडघ्याच्या खाली येईल अशी 33 इंच ठेवली आणि खाली तीन इंचांची दुमड घेतली. आपल्या घरांत कमीज वर चढू लागली की मुलीला स्वतःलाच अवघडल्यासारखे होते आणि ती सारखी खाली ओढत राहते. त्यामुळे ही दुमड मी छातीच्या मायेपेक्षाही जास्त गरजेची मानते. ती मशीनने न मारता हाताने तुरपली. टेरिकॉटवर मशीनची टीप उसवली की सुईच्या भोकांची रांग दिसत राहते, हाताच्या तुरपाईची फारशी दिसत नाही. दुमड घेण्याआधी दोन्ही बाजूंचे चाक कापडाच्या अगदी टोकापर्यंत दुमडून घेतले होते, म्हणजे नंतर दुमड सोडली तरी चाकाची कड सरळ खाली येते. बाहीला आतून दीड इंच दुमड ठेवली.

सलवारीचे गणित वेगळे आहे. पायच्याला आत कॅनव्हास घालून टिपा मारलेल्या असतात, त्यामुळे मोहरीकडून काही सोडता येत नाही. म्हणून वाढ वर ठेवायची. नेफ्याच्या खाली, कमीजच्या आड लपेल अशा जागी एक इंच खोल टक आडवा घातला. एक इंचाच्या टकेत दोन इंच लांबी मावते. टक उसवली की आसन थोडे खाली येते, पण सलवार सैल असल्याने ते जाणवत नाही. पँटला मात्र ही युक्ती लावू नये. पँटचे आसन खाली लोंबले तर पळताना मांडीत अडकते आणि तिथेच फाटते.

कपडा घालून बघण्याची पद्धतही सांगते. मूल आरशासमोर ताठ उभे राहिले, की सगळे कपडे बरे दिसतात. त्याला रुकू आणि सजदा करायला लावा, मांडी घालून बसवा, दोन्ही हात पुढे घेऊन मिठी मारल्यासारखे करायला सांगा. सजद्यात मुलाचा शर्ट पँटबाहेर निघून पाठ उघडी पडत असेल, तर शर्टाची उंची कमी आहे. हात पुढे घेतल्यावर पाठीवर आडव्या ओढी दिसल्या, तर पाठ आजच अपुरी आहे आणि ती डिसेंबरही पाहणार नाही. आणि पँट जमिनीला लागत असेल तर तीही चूकच. जून-जुलैच्या चिखलात मोहरी भिजून नापाक होते, आणि जोहरच्या नमाजला मूल अवघडते.

मुलाच्या फुल पँटमध्ये मागची मधली शिवण पाहावी. कंबरेजवळ तिच्यात दोन्ही बाजूंना इंचभर कापड असेल, तर कंबर दीड इंचापर्यंत वाढते. खाली अडीच इंचांची दुमड असावी. दुकानात पँट उलटी करून हे दोन ठिकाणचे कापड बोटाने मोजा. पुष्कळ रेडिमेड पँटमध्ये शिवण इंटरलॉक करून कापड अगदी शिवणीलगत कापलेले असते. त्यात सोडण्यासारखे काहीच उरत नाही, मग ती कितीही स्वस्त असो.

सरकारी शाळांच्या मोफत गणवेशातही हाच प्रश्न येतो. 2024-25 मध्ये राज्याने सर्व शाळांसाठी एकच गणवेश ठरवला. ठरावीक मापांत कापलेले कापड महिला आर्थिक विकास महामंडळाच्या बचत गटांकडून शिवून घेतले. गणवेश उशिरा आले, आणि मुलांना न बसणारे आले, अशा तक्रारी राज्यभर झाल्या. डिसेंबर 2024 मध्ये शासनाने ती पद्धत बदलली आणि 2025-26 पासून गणवेशाचे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिले. समितीत पालक असतात. मापे घेतली जातात त्या दिवशी तिथे जाऊन तीन इंचांची दुमड आणि इंचभर माया मागता येते. शिवून झाल्यावर मागून उपयोग नाही.

शिंप्याकडे कधी जायचे, हेही पाहावे लागते. बकरी ईद 2024 मध्ये 17 जूनला होती आणि 2025 मध्ये 7 जूनला, म्हणजे ऐन शाळा उघडण्याच्या तोंडावर. त्या घाईत माया सोडणे आणि हाताने तुरपणे ही कामे सर्वांत आधी गळतात. कापड मे महिन्यातच द्यावे. कापड सुती असेल, तर देण्याआधी एक रात्र पाण्यात भिजवून वाळवावे. नाहीतर पहिल्याच धुण्यात तीस इंचाला इंचभर आटते, आणि वाढीसाठी ठेवलेली जागा मुलाऐवजी पाणीच खाते.

त्या मुलीची कमीज आम्ही दिवाळीच्या सुट्टीत पहिल्यांदा सोडली, खालून एक इंच. गरज तशी अर्ध्या इंचाचीच होती. पण वर्षभर थांबले, तर बाहेरचे कापड उन्हाने आणि साबणाने फिके पडते, आत दुमडलेले गडद राहते आणि सोडल्यावर पट्टा उठून दिसतो. चार-पाच महिन्यांत हा फरक कमी असतो आणि पुढच्या दहा-बारा धुण्यांत जवळपास मिटतो. जुन्या घडीची रेघ मात्र चिवट असते. पाण्यात थोडा सिरका घालून त्यात फडके भिजवावे, ते रेघेवर ठेवून गरम इस्त्री दाबून धरावी, सरकवू नये. आधी आतल्या मायेवर करून पाहावे, कारण काही गडद रंग उतरतात.

फेब्रुवारीत सलवारीची टक उसवली आणि बाजूची माया अर्धा इंच सोडली. एप्रिलमध्ये मुलगी 145 सेंटीमीटर झाली होती आणि कमीज अजून गुडघ्याखाली होती. बाहीची दुमड तेवढी संपली, मनगट उघडे पडू लागले. तिथे शाळेच्या ओढणीच्या रंगाची दोन इंची पट्टी लावली. शाळेने हरकत घेतली नाही, पण आधी वर्गशिक्षिकेला विचारून घेतले होते. सध्या तो जोड तिची धाकटी बहीण घालते. सलवारीची टक पुन्हा घातली आहे आणि छातीची माया पूर्ववत आत घेतली आहे.