पुराव्याआधीचा विश्वास

एका मालकाचं जहाज परदेशी स्थायिक व्हायला निघालेल्या कुटुंबांना घेऊन सुटणार असतं. जहाज जुनं, मुळातली बांधणीही बेताचीच, आणि डागडुजी कितीदा तरी झालेली. ते पुन्हा नीट तपासून घ्यावं, असं मालकाच्या मनात येतं. पण तपासणी म्हणजे खर्च. मग तो स्वतःची समजूत घालतो: एवढ्या सफरी पार पडल्या, एवढी वादळं सोसली, आता नेमकं याच वेळी काय होणार? देवावर भरवसा ठेवतो, कारागिरांबद्दलच्या शंका मनातून झटकून टाकतो आणि अगदी निर्धास्त मनाने जहाजाला निरोप देतो. जहाज भर समुद्रात बुडतं. मालक विम्याचे पैसे घेतो आणि गप्प बसतो.

ही गोष्ट विल्यम किंग्डन क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाची. 1877 साली प्रसिद्ध झालेल्या ‘द एथिक्स ऑफ बिलीफ’ या निबंधाची सुरुवातच त्याने तिने केली. जहाज बुडणं म्हणजे काय, हे त्याला ऐकून ठाऊक नव्हतं. डिसेंबर 1870 मध्ये सूर्यग्रहणाच्या निरीक्षणासाठी निघालेल्या वैज्ञानिकांच्या तुकडीत तो होता, आणि त्यांचं जहाज सिसिलीच्या किनाऱ्याजवळ फुटलं होतं. त्यातून तो बचावला.

मालक दोषी आहे, हे कोणीही कबूल करील. क्लिफर्ड त्याच्या पुढे जातो. समजा, जहाज सुखरूप पोचलं असतं, तर? तरीही मालकाचा दोष तसूभर कमी होत नाही, असं तो बजावतो. मालक खोटं बोलत नव्हता, त्याचा विश्वास मनापासूनचा होता. पण समोर जो पुरावा होता, त्याच्या जोरावर तसा विश्वास धरण्याचा हक्कच त्याला नव्हता. विश्वास ही कोणाची खासगी बाब नाही. तो आज ना उद्या कृतीत उतरतो आणि त्याची झळ इतरांना बसते. शिवाय न तपासता मानण्याची सवय एकदा लागली की ती समाजात पसरते. म्हणून अपुऱ्या पुराव्यावर काहीही मानणं कुठेही, केव्हाही, कोणालाही चूकच, असा त्याचा निर्वाळा होता. या भूमिकेला पुढे पुरावावाद म्हटलं जाऊ लागलं. क्लिफर्ड स्वतः 1879 मध्ये, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी क्षयाने गेला.

त्याला सर्वांत गाजलेलं उत्तर मिळालं ते अमेरिकेतून. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ आणि तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांनी 1896 साली ‘द विल टु बिलीव्ह’ हे व्याख्यान दिलं. मनाला येईल ते माना, अशी मुभा जेम्स देत आहेत, असा अर्थ अनेकांनी काढला. प्रत्यक्षात त्यांनी अटी बऱ्याच कडक घातल्या होत्या. ज्या दोन पर्यायांत निवड करायची, ते दोन्ही माणसाला खरोखर शक्य वाटले पाहिजेत. निवड टाळता येणारी नसावी. छत्री घेऊन बाहेर जा किंवा छत्रीविना जा, असं कोणी म्हटलं तर घरीच बसता येतं. ती अटळ निवड नव्हे. आणि निवडीत काही मोठं पणाला लागलेलं असावं. इथे जेम्स उदाहरण देतात ते उत्तर ध्रुवाच्या मोहिमेवर येण्याचं नान्सेनने आमंत्रण दिल्याचं. त्या वेळी नान्सेन आर्क्टिकमधून परतलेलाही नव्हता, त्यामुळे अशी संधी म्हणजे काय हे श्रोत्यांना वेगळं सांगायला नको होतं. या तिन्हींखेरीज एक अट सर्वांत महत्त्वाची: त्या प्रश्नाचा निकाल बुद्धीला, पुरावा तपासून, लावता येत नसला पाहिजे.

ही शेवटची अट क्लिफर्डच्या मालकाला लावून पाहिली की गंमत कळते. जहाज गोदीत उभं होतं. लाकूड, सांधे, तळ तपासणारी माणसं मिळाली असती. प्रश्नाचा निकाल लागण्याजोगा होता. मालकाला तो नकोसा होता, इतकंच. म्हणजे जेम्स यांच्या नियमानेही तो सुटत नाही. दोघांचं भांडण उरतं ते पुरावा मिळण्याची सोयच नसलेल्या, आणि थांबणं हीसुद्धा एक निवडच ठरणाऱ्या प्रसंगांपुरतं.

असा एक प्रसंग जेम्स यांनी आल्प्समधला घेतला आहे. गिर्यारोहक अशा जागी अडकला आहे, की सुटायचं तर एक भयंकर उडी मारावीच लागेल. तशी उडी त्याने पूर्वी कधी मारलेली नाही, त्यामुळे ती जमेल की नाही याचा अनुभव गाठीशी नाही. जमेल असं मानलं तर पाय नेट धरतील. शंकेने ग्रासला तर पाय लटपटतील आणि तो दरीत जाईल. इथे विश्वास हाच ती गोष्ट खरी ठरवायला हातभार लावतो. माणसामाणसांतल्या विश्वासाचंही तसंच. मूठभर दरोडेखोर अख्खी आगगाडी लुटतात, कारण आपण उठलो तर बाकीचे साथ देतील, यावर एकाही प्रवाशाचा भरवसा नसतो. तो भरवसा सगळ्यांनी आधीच धरला असता, तर दरोडा पडलाच नसता.

पुरावावादी याला काय म्हणतात? त्यांचं एक उत्तर हिशेबाचं आहे. समजा, शंका घेऊन मारलेल्या शंभर उड्यांपैकी चाळीस साधतात आणि निर्धाराने मारलेल्या सत्तर. हे गिर्यारोहकाला ठाऊक असेल, तर निर्धाराने उभं राहिल्यावर ‘उडी बहुधा जमेल’ असं मानायला त्याच्याकडे पुरावा आहेच, आणि तोही नेमका सत्तर टक्क्यांचा. पुराव्याबाहेर जायची गरजच पडली नाही. अडचण अशी, की सत्तर टक्क्यांचा आकडा लागू होतो तो निर्धार झाल्यानंतर. निर्धार व्हायच्या आधी त्याच्या हातात काहीच पक्कं नसतं, आणि जेम्स यांचा प्रश्न त्याच क्षणाबद्दलचा आहे. शिवाय उरलेल्या तीस टक्क्यांची जाणीव मनात जागी राहिली, तर पाय तितकेच खंबीर राहतील का, हेही सांगता येत नाही.

दुसरं उत्तर बर्ट्रांड रसेल यांचं, 1910 च्या त्यांच्या निबंधसंग्रहातलं. कृती करण्यासाठी विश्वास लागतोच असं नाही, हे त्याचं सार. अनोळखी मुलखात रस्त्याला फाटा फुटला, पाटी नाही, विचारायला कोणी नाही, तर माणूस एक वाट धरून चालू लागतो. तीच बरोबर आहे असं तो मानत नाही. तात्पुरतं गृहीत धरतो. मानणारा आणि गृहीत धरणारा यांतला फरक पुढे माणूस भेटला की दिसतो. गृहीत धरणारा थांबून विचारतो, मानणारा तसाच पुढे निघून जातो. या कसोटीवर जेम्स यांची बरीचशी उदाहरणं पुरावावाद्यांच्या पदरात पडतात: धंद्यात पैसे घालणारा, नवा उपचार करून पाहणारा, दूरची नोकरी पत्करणारा, यांना गृहीतकावर चालता येतं. गिर्यारोहकाचं मात्र तसं नाही. ‘तात्पुरतं गृहीत धरतो’ म्हणत मारलेल्या उडीत नेट किती असेल? मैत्रीतही, परका माणूस भला आहे असं केवळ गृहीत धरून वागणाऱ्याचा हिशेबीपणा समोरच्याला जाणवतो, आणि मग मैत्री जुळत नाही.

जेम्स यांचं स्वतःचं आयुष्य या वादात दोन्ही बाजूंनी साक्ष देतं. 1870 मध्ये, अठ्ठावीस वर्षांचे असताना, ते खोल नैराश्यात होते. माणसाला इच्छास्वातंत्र्य असतं की सगळं आधीच ठरलेलं, हा प्रश्न त्यांना खात होता. शार्ल रनूव्हिए या फ्रेंच तत्त्वज्ञाचं लेखन वाचल्यावर एप्रिलच्या अखेरीस त्यांनी रोजनिशीत दोन गोष्टी नोंदवल्या. इच्छास्वातंत्र्य हा भ्रम नाही, असं निदान पुढच्या वर्षापर्यंत गृहीत धरायचं, ही एक. आणि इच्छास्वातंत्र्याची आपली पहिली कृती म्हणून त्याच्यावर विश्वास ठेवायचा, ही दुसरी. पहिल्या नोंदीत मुदत घातलेली आहे, आणि ती रसेल यांनी सांगितलेल्या गृहीतकाशी तंतोतंत जुळते. दुसरीत मुदत नाही. पुढच्या काही वर्षांत जेम्स सावरले आणि हार्वर्डमध्ये शिकवू लागले. पण त्यांना तारलं ते गृहीतकाने की विश्वासाने, याचा उलगडा रोजनिशीच्या त्या पानावरून होत नाही.