मॅडम, प्रकरणांचा क्रम बदलला आहे

पीएचडीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षात बहुतेक विद्यार्थ्यांवर एक वेळ येते. नोंदणीच्या वेळी सादर केलेली प्रकरणयोजना आता चालत नाही, हे लक्षात येतं. साहित्य गोळा झालेलं असतं, दोन-तीन प्रकरणं लिहूनही झालेली असतात आणि त्या लिखाणातूनच कळतं की क्रम चुकलाय. विद्यार्थी रात्र जागून नवी योजना तयार करतो आणि सकाळी गाईडना ईमेल टाकतो : ‘सर, सोबत सुधारित प्रकरणयोजना जोडली आहे. कृपया पाहून मार्गदर्शन करावे.’ आठवड्याभराने उत्तर येतं : ‘पाहिली. ठीक आहे. लिहायला घ्या.’

या उत्तरातून काहीच कळत नाही. यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार एका प्राध्यापकाकडे एका वेळी आठपर्यंत पीएचडीचे विद्यार्थी असू शकतात. यातल्या कुणाचं तिसरं प्रकरण कशावर होतं, हे त्यांना तोंडपाठ असेल अशी अपेक्षा ठेवणं अन्यायाचं आहे. जुनी योजना शोधून, दोन्ही शेजारी ठेवून काय हललं ते हुडकायचं काम आपण त्यांच्यावर टाकतो. ते काम होत नाही. मग ‘ठीक आहे’ येतं.

एक कल्पित उदाहरण घेऊ. माण तालुक्यातल्या १९७२च्या दुष्काळी कामांवर राबलेल्या स्त्रिया, असा एका विद्यार्थिनीचा विषय आहे. जुन्या योजनेत सहा प्रकरणं होती : प्रस्तावना आणि साहित्याचा आढावा, महाराष्ट्रातल्या दुष्काळांचा इतिहास, रोजगार हमीची कल्पना आणि कायदा, माणमधला १९७२चा दुष्काळ, स्त्रियांच्या मुलाखती, निष्कर्ष. कागदावर छान दिसतं. पण तिसरं प्रकरण १९७७च्या कायद्यापर्यंत, म्हणजे तो अमलात आला त्या १९७९पर्यंत जातं आणि चौथं पुन्हा १९७२ला परत येतं. त्यामुळे खडी फोडणाऱ्या, पाझर तलावावर माती वाहणाऱ्या बायका पाचव्या प्रकरणात बोलू लागतात तेव्हा, ‘या कायद्याची अंमलबजावणी कशी झाली’ हेच त्या सांगताहेत असं वाचणाऱ्याला वाटतं. वास्तविक त्या सांगत असतात टंचाईच्या कामांबद्दल, म्हणजे कायद्याच्या आधीच्या दिवसांबद्दल : हजेरीपटावर नाव कुणाचं लागायचं, मोजमाप कोण घ्यायचं, पगार किती आठवडे थकायचा, सुकडी कधी मिळायची.

म्हणून तिने दुष्काळ आणि मुलाखती पुढे आणल्या, कायदा मागे नेला आणि दुष्काळांचं जुनं इतिहासाचं प्रकरण मोडून त्यातली गरजेची पानं नव्या दुसऱ्या प्रकरणात घातली. तिचा ईमेल असा :

‘विषय : प्रबंधाची नवी प्रकरणयोजना – तीन प्रश्न (१५ तारखेपर्यंत उत्तर मिळाल्यास बरे)

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

मुलाखतींचे प्रकरण लिहिताना जुन्या क्रमात अडचण आली. त्यातल्या बहुतेक आठवणी १९७२–७३च्या आहेत. पण त्याआधीच १९७७चा कायदा वाचून झालेला असतो. म्हणून क्रम बदलला आहे. जुने ४ आता २ झाले आहे, जुने ५ आता ३ आणि जुने ३ आता ४. जुने २ स्वतंत्र राहत नाही. प्रकरणे सहाऐवजी पाच. शीर्षक आणि उद्दिष्टे तीच आहेत.

तीन ठिकाणी आपला निर्णय हवा आहे.

१. कायद्याचे प्रकरण दुष्काळानंतर आल्याने, दुष्काळी कामांमुळेच कायदा झाला असे वाचकाला वाटेल. परंतु वि. स. पागे यांच्या पुढाकाराने विसापूरला झालेला प्रयोग १९६५चा, म्हणजे दुष्काळाच्या आधीचा आहे. तो (अ) दुसऱ्या प्रकरणाच्या सुरुवातीला आणावा, की (ब) चौथ्यातच ठेवून प्रस्तावनेत त्याचा उल्लेख करावा? मला (अ) बरे वाटते, पण त्यामुळे माणची गोष्ट सांगलीत सुरू होते.

२. मस्टर, मोजमाप, टंचाईची कामे हे शब्द आता समजावण्याआधीच मुलाखतींत येतात. दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी तीन-चार पानांत एका कामाचा एक आठवडा मांडून ते समजावले तर चालेल का?

३. मुलाखती घटनेनंतर साडेचार दशकांहून अधिक काळाने घेतल्या आहेत. आठवणींवर किती विसंबायचे याची चर्चा प्रस्तावनेत असावी, की तिसऱ्या प्रकरणाच्या तोंडाशी? याबाबत माझे मत पक्के झालेले नाही.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी मिळाले तर दुसरे प्रकरण लिहायला घेता येईल. सोबत दोन पानी योजना जोडली आहे. पूर्ण मसुदा आत्ता पाहण्याची गरज नाही.

आपली विद्यार्थिनी’

यातला पहिला प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे. प्रकरणांचा क्रम कधीच निरुपद्रवी नसतो. दोन गोष्टी एकापाठोपाठ ठेवल्या की वाचणारा त्यांच्यात कार्यकारण जोडतोच, आपण तसं म्हटलेलं नसलं तरी. मे १९७३मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. हा आकडा वाचून लगेच कायद्याचं प्रकरण आलं, तर १९६५चा प्रयोग कुणाच्या ध्यानात राहणार? आणि तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक पहिला बोट ठेवतील ते इथेच. ही अडचण विद्यार्थिनीने स्वतः ओळखली, दोन पर्याय मांडले, आपला कल सांगितला आणि त्या पर्यायातली खोटही सांगितली. आता मॅडमना फक्त ‘अ’ किंवा ‘ब’ लिहायचं आहे. दोन्ही पटलं नाही तर तिसरं सुचवणंही सोपं झालं.

दुसरा प्रश्न होकार-नकाराचा आहे, तो तसाच असू द्यावा. तिसऱ्यात ‘माझे मत पक्के झालेले नाही’ हे प्रामाणिक वाक्य आहे, पण असं वाक्य पत्रात एकदाच चालतं. तिन्ही प्रश्नांना तेच लावलं तर गाईडना वाटेल, हिने विचार न करता काम आपल्याकडे ढकललंय.

तिने जे विचारलं नाही तेही पाहा. प्रकरणांची नावं बरी आहेत का, मुलाखती किती पानं असाव्यात, असलं काही नाही. ते लिहिता लिहिता ठरतं. ‘शीर्षक आणि उद्दिष्टे तीच आहेत’ हे वाक्य मात्र आवर्जून घातलंय. शीर्षक बदललं की प्रकरण समितीपुढे जातं आणि तिथे महिने मोडतात. गाईडच्या मनात पहिली शंका तीच येते. ती एका ओळीत मिटली.

जोडलेल्या फाइलबद्दल थोडं. जुन्या फाइलवरच ट्रॅक चेंजेस लावून पाठवण्याचा मोह होतो. अख्खी प्रकरणं इकडची तिकडे झाली असली की पान नुसतं रंगीबेरंगी होतं, कळत काहीच नाही. त्यापेक्षा तीन रकान्यांचा साधा तक्ता बरा : नवा क्रमांक, जुना क्रमांक, आणि हे प्रकरण वाचणाऱ्याला कुठून कुठे नेतं याचं एक वाक्य. हे वाक्य ज्या प्रकरणाला सुचत नाही, ते प्रकरण अजून तयार नाही असं समजावं. तिच्या जुन्या दुसऱ्या प्रकरणाचं असंच झालं होतं. ‘पार्श्वभूमी देते’ यापलीकडे त्याच्याबद्दल काही लिहिता येईना, म्हणूनच ते मोडलं. फाइलच्या नावात `final` नको; `Prakaranyojana_v2.docx` पुरे.

अशा पत्राला उत्तर बहुधा तुटक येतं : ‘१ – अ, पण दोन पानांत आटपा. २ – चालेल. ३ – फोनवर बोलू.’ फोन झाला की त्याच दिवशी, त्याच ईमेलला उत्तर म्हणून दोन ओळी टाकाव्यात : ‘आज ठरल्याप्रमाणे आठवणींच्या विश्वासार्हतेची चर्चा तिसऱ्या प्रकरणाच्या सुरुवातीला घेत आहे.’ सहा महिन्यांनी सल्लागार समितीपुढे कुणी विचारलं, की हे प्रस्तावनेत का नाही, तर विद्यार्थिनी आणि मॅडम दोघींनाही ते कधी आणि का ठरलं हे शोधायला एकच ईमेल उघडावा लागेल.