फरक सापडला नाही, पण सारखेपणा सिद्ध झाला का?

डिगॉक्सिन हे हृदयविकारावरचे जुने औषध. त्याची मात्रा थोडी कमी पडली तर उपयोग होत नाही आणि थोडी जास्त झाली तर विषबाधा होते. १९७१ साली अमेरिकेत जॉन लिंडेनबाम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या औषधाच्या वेगवेगळ्या गोळ्या माणसांना देऊन रक्त तपासले. वेष्टनावर मात्रा तीच लिहिलेली होती, पण रक्तात उतरलेल्या औषधाच्या पातळीत सात पटींपर्यंत तफावत निघाली. गोळीत औषध किती भरले आहे आणि त्यातले रक्तात किती पोहोचते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यावरून उघड झाले. मग जेनेरिक गोळी मूळ कंपनीच्या गोळीइतकीच काम करते, हे दाखवायचे कसे?

सरळ वाटणारा मार्ग असा की दोन्ही गोळ्यांची तुलना करावी आणि लक्षणीय फरक आढळला नाही तर त्या सारख्या मानाव्यात. गोम इथेच आहे. नेहमीची सांख्यिकी चाचणी ‘फरक नाही’ हे गृहीत धरून सुरू होते आणि ते गृहीतक मोडण्याइतका पुरावा मिळतो का, हे पाहते. पुरावा मिळाला नाही, तर गृहीतक मोडले नाही एवढेच म्हणता येते. ते खरे ठरले असे नाही. शिवाय प्रयोग जितका छोटा आणि ढिसाळ, तितका पुरावा न मिळण्याचा संभव अधिक. म्हणजे आपली गोळी मूळ गोळीसारखी ठरवून घ्यायची असेल, तर कंपनीने कमीत कमी लोकांवर, गचाळ मोजमापाने प्रयोग करावा! असा नियम कोणत्याही परीक्षेत चालणार नाही.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, आधी यावर डागडुजी केली. फरक लक्षणीय नसावा आणि खरोखरच वीस टक्के फरक असता तर तो ऐंशी टक्के वेळा पकडण्याची ताकद प्रयोगात असावी, अशी दुहेरी अट घातली. एफडीएतलेच सांख्यिकीतज्ज्ञ डोनाल्ड शुयरमन यांनी १९८७ साली या पद्धतीची चिरफाड केली. प्रयोग फार काटेकोर झाला तर औषधाच्या दृष्टीने क्षुल्लक असलेला फरकही ‘लक्षणीय’ ठरतो आणि चांगली गोळी नापास होते. त्यांनी बाजू मांडली ती दोन एकतर्फी चाचण्यांची. तिच्यात सिद्ध करण्याची जबाबदारी उलटी होते. सुरुवातीलाच धरून चालायचे की गोळ्या पुरेशा सारख्या नाहीत. त्या सारख्या आहेत हे कंपनीने दाखवायचे.

त्यासाठी ‘पुरेसे सारखे’ म्हणजे किती, हे आधी ठरवावे लागते. जेनेरिक गोळीमुळे रक्तात पोहोचणारे औषध मूळ गोळीच्या ८० ते १२५ टक्के असावे, अशी मर्यादा रूढ आहे. ८० आणि १२५ हे आकडे विषम दिसतात, पण इथे तुलना गुणोत्तराची असते. पहिली गोळी दुसरीच्या चार पंचमांश असेल, तर दुसरी पहिलीच्या सव्वापट असते. मग दोन प्रश्न विचारायचे : गुणोत्तर ८० च्या वर आहे याचा पुरेसा पुरावा आहे का? आणि ते १२५ च्या खाली आहे याचा? दोन्हींचे उत्तर ‘हो’ असेल तरच समतुल्यता सिद्ध होते. व्यवहारात हेच काम गुणोत्तराचा ९० टक्के विश्वासपट्टा काढून होते. खरे गुणोत्तर कुठे असू शकते, त्याची ही मर्यादा असते. ९५ नव्हे तर ९० टक्के, कारण दोन्ही टोकांची चाचणी पाच-पाच टक्क्यांच्या चुकीच्या मुभेने होते. पट्टा अख्खा ८० ते १२५ मध्ये बसला की काम झाले.

आकडे घालून पाहू. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, पण असे निकाल प्रत्यक्षात येऊ शकतात. निरोगी स्वयंसेवकांपैकी निम्म्यांना आधी मूळ गोळी आणि निम्म्यांना आधी जेनेरिक दिली जाते. काही दिवस मध्ये सोडून, पहिले औषध शरीरातून निघून गेल्यावर, गोळ्यांची अदलाबदल होते. दर वेळी ठरावीक अंतराने रक्त काढून एकूण किती औषध रक्तात आले ते मोजतात. पहिल्या प्रयोगात १२ जण. जेनेरिकचे गुणोत्तर ९० टक्के निघाले, विश्वासपट्टा ७५ ते १०८. नेहमीच्या चाचणीची पी-व्हॅल्यू ०.३३, म्हणजे ‘लक्षणीय फरक नाही’. पण पट्ट्याचे खालचे टोक ८० च्या खाली गेले आहे. गोळी पाव भागाने कमी पडण्याची शक्यताही या आकड्यांना नाकारता येत नाही. समतुल्यता सिद्ध झाली नाही.

तोच प्रयोग ६० जणांवर केला आणि गुणोत्तर पुन्हा ९० टक्केच आले, तर पट्टा आकसून ८३ ते ९७ होतो. पी-व्हॅल्यू ०.०२५, म्हणजे फरक ‘लक्षणीय’. पण पट्टा मर्यादेत आहे. म्हणून फरक आहे आणि तरीही गोळ्या समतुल्य आहेत. हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला विचित्र वाटते. खरे तर ‘फरक शून्य आहे का’ आणि ‘फरक महत्त्वाचा आहे का’ हे प्रश्नच वेगळे आहेत.

या मर्यादेविषयी एक गैरसमज फार पसरलेला आहे. जेनेरिकमध्ये औषध वीस टक्के कमी किंवा पंचवीस टक्के जास्त चालते, असे लोक सर्रास सांगतात. बसायचा असतो तो सगळा पट्टा, नुसती सरासरी नव्हे. त्यामुळे सरासरी ८० च्या आसपास असलेली गोळी पास होणे जवळपास अशक्य. एफडीएने १९९६ ते २००७ या काळातील २,०७० अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा एकूण शोषणातला सरासरी फरक ३.५६ टक्के निघाला. भारतातही २०१७ पासून, पाण्यात नीट न विरघळणाऱ्या औषधांच्या जेनेरिकसाठी अशी चाचणी अनिवार्य आहे. ज्या औषधांच्या मात्रेत चुकीला फार थोडी जागा असते, त्यांच्यासाठी युरोपात मर्यादा आवळून साधारण ९० ते १११ टक्के केलेली आहे.

म्हणजे मर्यादा गणितातून निघत नाही. ती औषधाच्या स्वभावातून ठरते आणि आकडे हाती येण्याआधीच लिहून ठेवावी लागते. पट्टा पाहून मग त्याला बसेल अशी चौकट कापली, तर चाचणीला अर्थ राहत नाही. औषधांच्या बाहेर, उदाहरणार्थ दोन शिकवण्याच्या पद्धतींची तुलना करताना, खरी अडचण नेमकी हीच येते. किती गुणांचा फरक नगण्य मानायचा, हे कोणी ठरवलेलेच नसते.

राहिला लिहिण्याचा प्रश्न. समजा २४ जणांच्या प्रयोगात गुणोत्तर ९७ टक्के आणि पट्टा ८६ ते ११० आला. नेहमीच्या चाचणीची पी-व्हॅल्यू ०.६८ येते, आणि बरेच अहवाल ‘लक्षणीय फरक आढळला नाही (पी ०.६८)’ एवढ्यावर थांबतात. पण हे वाक्य बाराजणांच्या फसलेल्या प्रयोगालाही जसेच्या तसे लावता आले असते. त्याऐवजी असे लिहावे : ‘गुणोत्तर ९७ टक्के, ९० टक्के विश्वासपट्टा ८६ ते ११०. प्रयोगाआधी ठरवलेल्या ८० ते १२५ टक्क्यांच्या मर्यादेत तो पूर्ण बसतो (खालच्या टोकाच्या चाचणीची पी-व्हॅल्यू ०.००७, वरच्या टोकाची ०.००१). म्हणून दोन्ही गोळ्या रक्तात पोहोचणाऱ्या औषधापुरत्या समतुल्य आहेत.’ ‘पुरत्या’ हा शब्द गाळू नये. सिद्ध झाले ते मोजलेल्या गोष्टीबद्दल, ठरवलेल्या मर्यादेत.

आणि बाराजणांच्या प्रयोगाचे काय लिहायचे? ‘फरकही दाखवता आला नाही आणि समतुल्यताही. पट्टा ७५ ते १०८ आहे.’ त्याच अहवालात पुढचा आराखडाही लिहावा. व्यक्तीगणिक चढउतार साधारण पंचवीस टक्के असेल आणि गोळी खरोखर पाच टक्क्यांनीच कमी पडत असेल, तर ऐंशी टक्के ताकदीसाठी सुमारे २८ स्वयंसेवक लागतील. दहा टक्क्यांनी कमी पडत असेल, तर त्याच्या दुप्पट.