वय सांगतो तो शाबूत मणका

मुतखड्याच्या शंकेने पोटाचा सीटी स्कॅन झाला, की मूत्रपिंडांबरोबर कमरेचे पाचही मणके, खुबे आणि ओटीपोटाखालचा सांधाही त्यात आपोआप येतात. फॉर्मवरचं वय झाकून ठेवलं तरी ही हाडं पाहून मुरलेला रेडिओलॉजिस्ट ‘पन्नाशी-साठीतला माणूस दिसतोय’ असं सांगतो आणि बऱ्याचदा ते जवळपास बरोबर निघतं. हा अंदाज तो कशावरून बांधतो आणि कुठे फसतो?

लहान मुलांचं वय हाडांवरून सांगणं तुलनेने सोपं असतं. वाढत्या हाडांच्या टोकांशी कूर्चेचे पट्टे असतात आणि ते ठरलेल्या क्रमाने हाडात विरून जातात. हासळीच्या हाडाचं छातीकडचं टोक सगळ्यात शेवटी, विशीच्या उत्तरार्धात केव्हातरी जुळतं. तिथून पुढे वाढीचा हिशेब संपतो आणि उरते ती झीज. वाढ साधारण एका वेळापत्रकाने होते, झीज मात्र प्रत्येकाची वेगळी. म्हणून मोठ्या माणसाचं वय दशकांतच सांगावं लागतं.

झिजेची सुरुवात मणक्यांमधल्या गादीपासून होते. तरुण गादीच्या गाभ्यात पाणी भरपूर असतं. त्यामुळे एमआरआयच्या टी-२ प्रकारच्या चित्रात ती पांढरी, उजळ दिसते. वयाबरोबर पाणी धरून ठेवणारे रेणू कमी होतात आणि गादी आधी करडी, मग काळी पडते. शेवटी तिची उंचीही कमी होते. यालाच दवाखान्यात ‘गॅप कमी झाला’ म्हणतात. पण एकच काळी गादी पाहून वय सांगायला गेलं, तर हमखास चुकतं. पाठदुखीची काहीही तक्रार नसलेल्या सुमारे तीन हजार लोकांच्या स्कॅनचा एक एकत्रित आढावा 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या 37 टक्के लोकांच्या गाद्यांमध्ये झीज दिसली, तर ऐंशीतल्या 96 टक्के लोकांत. म्हणजे तरुणांतही दर तिघांत एकाला ती असते आणि म्हातारपणी जवळपास सगळ्यांना. मणक्यांच्या मागच्या बाजूला जे छोटे जोडसांधे असतात, त्यांचा आकडा जास्त बोलका आहे. त्यांची झीज विशीत फक्त 4 टक्क्यांना होती, ऐंशीत 83 टक्क्यांना. तरुणपणी क्वचितच दिसणारी खूण सापडली, की वयाबद्दल ती जास्त सांगून जाते.

गादी बसली की मणक्याच्या कडांवर ओढ पडते आणि तिथे नवं हाड धरू लागतं. आधी कडेला नुसती धार येते, मग चोच फुटते आणि पुढे वरच्या-खालच्या चोची एकमेकींना भेटून पूलही तयार होतो. छातीच्या मणक्यांवर ही वाढ बहुतेक उजव्या बाजूला दिसते. डावीकडे महाधमनी सतत धडधडत असते आणि ती तिथे हाड जमू देत नाही, असं मानतात. ज्यांचे अवयव जन्मतः आरशातल्यासारखे उलटे असतात, त्यांच्यात हे हाड डावीकडे वाढलेलं आढळतं.

आता एक नमुना पाहू. समजा, मुतखड्यासाठी केलेला सीटी समोर आहे आणि वय झाकलेलं आहे. नजर आधी कमरेच्या शेवटच्या गादीकडे जाते. ती पार बसली आहे आणि तिच्या फटीत काळी रेघ दिसते. ही रेघ वायूची असते, मुख्यतः नायट्रोजनची. झिजलेल्या गादीत पोकळी झाली की तो तिथे जमतो. एवढंच पाहिलं तर माणूस सत्तरीचा वाटेल. पण कमरेच्या खालच्या दोन गाद्यांवर सगळ्यात जास्त भार असतो. त्या लवकर झिजतात आणि एखादं जुनं दुखणंही तिथेच उमटतं. म्हणून वयासाठी सगळ्यात खराब गादीपेक्षा सगळ्यात चांगली गादी पाहायची.

इथे वरच्या गाद्यांची उंची शाबूत आहे. मात्र त्या मणक्यांच्या कडांना छोट्या चोची आल्यात, म्हणजे झीज एका जागी थांबलेली नाही, वरपर्यंत पसरली आहे. चाळिशीच्या आत असं चित्र सहसा दिसत नाही. चोची जुळून पूल मात्र कुठेच झालेला नाही. मागचे छोटे सांधे दोन पातळ्यांवर जाड झालेत. मग पहिल्या कंबर-मणक्याच्या आतल्या जाळीदार हाडावर संगणकाने एक वर्तुळ ठेवून घनता मोजली, ती आली 140. हीच घनता तरुणपणी 200 च्या पुढे असते आणि सत्तरी-ऐंशीत शंभराच्या आसपास घसरते. शेवटी ओटीपोटाखाली पुढे कमरेची दोन हाडं जुळतात तो सांधा. विशीत त्याच्या पृष्ठावर नांगरलेल्या शेतासारख्या सऱ्या असतात. इथे त्या पुसल्या गेल्यात आणि कडेभोवती धार उभी राहिली आहे. महाधमनीच्या भिंतीत चुन्याचे चार-दोन ठिपकेही आहेत. सगळं मिळून अंदाज निघतो पन्नास ते पासष्ट. शेवटची गादी एकटी सत्तर म्हणत होती, वरच्या गाद्या पंचेचाळीस. खुणा कुठे एकमत होतात ते पाहूनच आकडा ठरतो.

एकमत होत नसेल, तर तिथे थांबून विचार करावा लागतो. एकाच पातळीवर मोठी मोडतोड आणि बाकी कणा स्वच्छ असेल, तर ते वय नसून जुनी इजा किंवा जंतुसंसर्ग असण्याची शक्यता जास्त. यवतमाळ, चंद्रपूर भागात काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. वर्षानुवर्षं असं पाणी प्यायल्यावर मणक्यांना चोची येतात आणि अस्थिबंधांत हाड धरतं, त्यामुळे चाळिशीतला कणा म्हातारा भासतो. पण त्याच वेळी हाडाची घनता वाढलेली असते. म्हातारपण आणि वाढलेली घनता एकत्र दिसली की शंका घ्यायची. मग हाताचा एक्स-रे काढून कोपराखालच्या दोन हाडांमधल्या पडद्यात हाड धरलंय का ते पाहतात. ती फ्लोराइडची ओळखीची खूण आहे. अल्काप्टोनयुरिया नावाच्या दुर्मीळ आनुवंशिक आजारात एका रसायनाचा निचरा होत नाही. ते गाद्यांमध्ये साठतं आणि तिशी-चाळिशीतच कण्यातल्या अनेक गाद्यांमध्ये चुना दिसतो. गुडघ्यावर तर वयासाठी फार विसंबताच येत नाही. वजन, जुना मार आणि कामाचा प्रकार यांनीच त्याचं चित्र बदलून जातं.

न्यायालयांनाही ही मर्यादा माहीत आहे. गुन्हा घडला तेव्हा आपण अल्पवयीन होतो, असा दावा कैदी पुष्कळ वर्षांनी करतात आणि हाडांची तपासणी मागतात. अशाच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये म्हटलं, की तिशी ओलांडल्यावर या तपासणीतून अचूक निष्कर्ष निघत नाही. दहा-पंधरा वर्षांचा पल्ला सांगणाऱ्या तपासणीवरून कोण तेव्हा सतरा वर्षांचा होता आणि कोण एकोणीसचा, हे ठरवता येणार नाही. बेवारस मृतदेहाची ओळख पटवताना मात्र तेवढा पल्लाही कामी येतो. बेपत्ता लोकांच्या यादीतली विशी-तिशीतली नावं त्यामुळे बाजूला करता येतात.

रोजच्या दवाखान्यात हेच ज्ञान उलट दिशेने वापरतात. तिथे वय माहीत असतं आणि प्रश्न असतो, ही झीज त्या वयाला शोभते का? साठीच्या माणसाच्या रिपोर्टमध्ये ‘डिजनरेटिव्ह चेंजेस’ लिहिलेलं असलं, तर बहुधा त्याचा अर्थ एवढाच, की कणा साठीचा आहे. त्याची पाठ त्यामुळेच दुखते असं त्यातून सिद्ध होत नाही. पण तेच शब्द पंचविशीतल्या मुलाच्या सगळ्या मणक्यांबद्दल लिहिलेले असतील, तर पुढच्या तपासण्या करायलाच हव्यात.