ट्रकचा किलोमीटरमागे खर्च किती? समजून घ्या गणित

समजा, दहाचाकी ट्रक लिटरला ४ किलोमीटर धावतो आणि डिझेल ९२ रुपये आहे. म्हणजे किलोमीटरमागे इंधन २३ रुपये. दोन लाखांचे टायर ८०,००० किलोमीटर चालले, तर आणखी अडीच रुपये. हे साडेपंचवीस रुपये गाडी धावली तरच लागतात.

कर्जाचा हप्ता ६०,०००, चालकाचा पगार २५,००० आणि परमिट, विमा, कराचा मासिक वाटा १५,००० हा एक लाख मात्र गाडी उभी असली तरी द्यावाच लागतो. महिन्यात ८,००० किलोमीटर झाले, तर तो किलोमीटरमागे साडेबारा रुपये पडतो. एकूण खर्च ३८ रुपये. ५,००० किलोमीटरच झाले, तर तोच २० रुपये, एकूण साडेपंचेचाळीस.

म्हणजे सरासरी ४० रुपये भाडे मिळत असेल, तर पहिल्या महिन्यात १६,००० उरतात, दुसऱ्यात २७,५०० खिशातून जातात. टोल आणि दुरुस्ती त्याहून वेगळी.